बारा महिने, अकरा डमी

घरगुती वीजवापरातील ऋतुमानाचा वाटा मोजण्यासाठी समाश्रयणाचा, म्हणजे सर्वसाधारणपणे ज्याला रिग्रेशन म्हटले जाते त्या पद्धतीचा, आधार घेतला जातो तेव्हा पहिली अडचण ही येते की महिना ही मुळात संख्याच नव्हे. जानेवारीला १ आणि डिसेंबरला १२ असे क्रमांक देऊन ते एकाच चलाच्या रूपाने समीकरणात घातले, तर वापर वर्षभर दरमहा सारख्याच पायरीने चढतो किंवा उतरतो असे गृहीत धरले जाते, आणि मे महिन्यात शिगेला पोचून पावसाबरोबर खाली येणाऱ्या वापराला ते गृहीतक मुळीच लागू पडत नाही. म्हणून प्रत्येक महिन्यासाठी एक स्वतंत्र डमी चल घेतले जाते: नोंद त्या महिन्याची असेल तर त्याचे मूल्य १, नसेल तर ०. समीकरण सोडवल्यावर प्रत्येक डमीपुढे येणारी संख्या, म्हणजे तिचा सहगुणक, त्या महिन्याबद्दल काहीतरी सांगतो. मात्र नेमके काय सांगतो, हे ठरवण्यातच बहुतेक अहवालांचे पाय घसरतात.

पहिला घसरडा भाग असा की महिने बारा आहेत म्हणून डमीही बारा घेतल्या जातात. समीकरणात सहसा एक स्थिरपद असते आणि गणिताच्या दृष्टीने ते म्हणजे प्रत्येक नोंदीपुढे १ लिहिलेला एक स्तंभ असतो. कोणतीही नोंद बारांपैकी नेमक्या एकाच महिन्याची असल्यामुळे बारा डमींची बेरीज प्रत्येक ओळीत १ येते, म्हणजे ती तंतोतंत स्थिरपदाच्या स्तंभाएवढी असते. अशा स्थितीत स्थिरपदात १० मिळवून बाराही सहगुणकांतून १० वजा केले तरी एकाही नोंदीचा अंदाज बदलत नाही. उत्तरे असंख्य होतात आणि त्यांतले खरे कोणते, हे ठरवायला विदेमध्ये काहीच आधार उरत नाही. यालाच डमी चलांचा सापळा म्हणतात.

हा सापळा प्रत्यक्षात कसा दिसतो हे पाहण्यासाठी नागपुरातील एका कुटुंबाच्या सलग पाच वर्षांच्या, म्हणजे साठ महिन्यांच्या वापराचे एक कल्पित उदाहरण घेता येईल. जानेवारी ते डिसेंबर या महिन्यांची पाच वर्षांची सरासरी अनुक्रमे १२०, १२५, १६५, २३०, २६०, २२०, १६५, १६०, १६५, १६०, १२५ आणि १२१ युनिट आहे असे समजू. वर्षाची मासिक सरासरी १६८ येते. एप्रिलपासून कूलर सुरू होतो, पावसाने जोर धरला की तो बंद पडतो, पंखे मात्र ऑक्टोबरच्या उकाड्यापर्यंत चालूच राहतात, असे हे ओळखीचे चित्र आहे.

या विदेवर स्थिरपद आणि स्वतः तयार केलेल्या बारा डमी एकत्र घातल्या, तर वेगवेगळ्या आज्ञावली वेगवेगळे वागतात, आणि त्यांचे हे वागणे ठाऊक नसेल तर निष्कर्ष भलतीकडेच जातो. आर ही आज्ञावली क्रमाने शेवटी येणारी डमी, म्हणजे येथे डिसेंबरची, गाळते, तिच्यापुढे `NA` लिहिते आणि तक्त्याच्या डोक्यावर `(1 not defined because of singularities)` अशी सूचना देते. हे `NA` पाहून डिसेंबरची विदा गहाळ असल्याचा समज करून घेतला जातो. वास्तविक डिसेंबर हा आता तुलनेचा पाया झालेला असतो आणि त्याची १२१ ही सरासरी स्थिरपदात जाऊन बसलेली असते. ही वागणूक तुलनेने सौम्यच म्हटली पाहिजे, कारण ती निदान काहीतरी गाळल्याचे सांगते.

पायथनमधील `statsmodels` मात्र एरवीच्या मांडणीत कोणतीही डमी गाळत नाही. असंख्य उत्तरांपैकी ज्यात सर्व सहगुणकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत लहान येते ते उत्तर ती निवडते आणि तेरांच्या तेरा आकडे भरलेला तक्ता समोर ठेवते. वरील उदाहरणात स्थिरपद १५५.०८, जानेवारी उणे ३५.०८ आणि मे अधिक १०४.९२ असे येईल. १५५.०८ ही वर्षाची सरासरी नव्हे आणि कोणत्याही महिन्याचा वापरही नव्हे. बारा सरासऱ्यांच्या बेरजेला, म्हणजे २,०१६ ला, १३ ने भागून आलेला तो आकडा आहे, आणि सोडवण्याच्या रीतीपलीकडे त्याला काही अर्थ नाही. तक्त्याखाली बारीक अक्षरांत रचना एकरेषीय असल्याची शंका नोंदवलेली असते, पण ती वाचण्याआधीच आकडे उचलून अहवालात घालणारे कमी नाहीत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की मे आणि जानेवारी यांतील फरक याही तक्त्यात १४० युनिटच येतो. सापळ्यात सुटे सहगुणक अर्थहीन होतात. दोन महिन्यांमधला फरक आणि प्रत्येक महिन्याचा अंदाज शाबूत राहतो.

सापळा टाळण्याचा रूढ उपाय म्हणजे एक महिना मुद्दाम गाळणे, आणि तो कोणता गाळायचा हे आज्ञावलीवर न सोडता स्वतः ठरवणे. महिन्यांची इंग्रजी नावे जशीच्या तशी दिली, तर आर ती वर्णानुक्रमे लावून एप्रिलला पाया धरते, आणि मग मे सोडून बाकी सारे सहगुणक उणे आलेले पाहून वाचणारा बुचकळ्यात पडतो. जानेवारीला पाया करायचे असल्यास तसे स्पष्ट लिहावे लागते:

```r
mahina <- relevel(factor(mahina), ref = "Jan")
summary(lm(units ~ mahina))
```

आता स्थिरपद १२०, मेचा सहगुणक १४० आणि जुलैचा ४५ येतो. मेमध्ये कुटुंबाने १४० युनिट वीज वापरली, असे याचे वाचन पुष्कळदा केले जाते, आणि ते सपशेल चूक आहे. मेचा वापर २६० आहे आणि १४० हा केवळ जानेवारीच्या तुलनेतला जादा वापर आहे. मेला पाया केले तर स्थिरपद २६०, जानेवारी उणे १४० आणि जुलै उणे ९५ होतो. म्हणजे जुलैची खूण अधिकाची उणे झाली, पण जुलैच्या वापरात एका युनिटाचाही फरक पडला नाही. वार्षिक सरासरीशी तुलना हवी असेल, तर बाराही सहगुणकांची बेरीज शून्य असावी अशी अट घालता येते, आणि अर्थशास्त्रज्ञ डॅनियल सूट्स यांनी १९८४ मध्ये सहगुणक वाचायला सोपे जावेत म्हणून याच वाटेचा पुरस्कार केला होता. तसे केल्यास स्थिरपद १६८, जानेवारी उणे ४८ आणि मे अधिक ९२ येतो. सर्वसामान्य वाचकासाठी लिहिलेल्या अहवालात हीच मांडणी सर्वांत कमी गैरसमज निर्माण करते.

पायाचा महिना बदलल्याने सहगुणकांबरोबर त्यांच्या सार्थकतेच्या खुणाही बदलतात, आणि अनुभवी अभ्यासकही येथे चुकतात. उदाहरणातील महिन्याच्या आतला चढउतार १५ युनिटांच्या प्रमाण विचलनाएवढा धरला, तर प्रत्येक सहगुणकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे त्याच्या अंदाजातील अनिश्चितता, सुमारे ९.५ येते. जानेवारी पाया असताना फेब्रुवारी, नोव्हेंबर आणि डिसेंबर यांचे ५, ५ आणि १ हे सहगुणक त्या त्रुटीपुढे नगण्य ठरतात, आणि ‘हे महिने निरर्थक आहेत’ असे म्हणून त्यांच्या डमी गाळल्या जातात. वस्तुतः तक्त्याने एवढेच सांगितलेले असते की हे महिने जानेवारीपेक्षा वेगळे असल्याचा पुरेसा पुरावा नाही. त्या डमी गाळताच पाया केवळ जानेवारी न राहता चारही थंड महिन्यांचा एकत्रित गट होतो आणि उरलेल्या सर्व सहगुणकांचा अर्थ गुपचूप बदलतो. तेच मे पाया असता, तर एप्रिलच्या उणे ३० पासून जानेवारीच्या उणे १४० पर्यंत एकूण एक सहगुणक सार्थ ठरले असते. महिन्याचा परिणाम आहे की नाही, हा प्रश्न अकराही डमी एकत्र घेऊन एफ कसोटीनेच विचारला पाहिजे, कारण पाया कोणताही धरला तरी त्या कसोटीचे उत्तर तेच राहते.

दुसरा उपाय स्थिरपदच काढून बाराही डमी ठेवण्याचा आहे, आणि त्यात प्रत्येक सहगुणक त्या महिन्याची सरासरीच असल्याने वाचन सोपे होते. पण मग प्रत्येक महिन्यापुढे सार्थकतेची खूण दिसते, कारण आता कसोटी ‘या महिन्यातला वापर शून्य आहे का’ एवढेच विचारते आणि ज्या घरात दिवा लागतो तेथे ते उत्तर आधीच ठाऊक असते. शिवाय समीकरण विदेला किती जुळते हे सांगणारा आर-वर्ग आधीच्या ०.९२ वरून ०.९९ वर उडी घेतो, यामागे समीकरण सुधारल्याचे कारण नसून, स्थिरपद नसताना आर सरासरीऐवजी शून्यापासूनचे अंतर मोजू लागते हे कारण असते. दोन्ही समीकरणांचे अंदाज शब्दशः एकच असतात.

हे सारे नीट सांभाळले तरी वीजबिलांच्या बाबतीत एक अडचण उरते, ती म्हणजे बिलावरचा महिना हा कॅलेंडरचा महिना नसतो. मीटरचे वाचन दर महिन्याच्या १२ तारखेला सकाळी होत असेल, तर जून महिन्याच्या नावाने आलेल्या बिलात १२ मे ते ११ जून या काळाचा, म्हणजे मेच्या २० आणि जूनच्या ११ दिवसांचा वापर असतो. त्याला जूनची डमी लावली की मेची काहिली जूनच्या खात्यात जमा होते आणि शिखर एक महिना पुढे सरकल्यासारखे दिसते. यावर उपाय असा की बिलातील युनिटांना दिवसांनी भागून रोजचा वापर काढावा, आणि ० व १ यांच्या जागी मेला २०/३१ व जूनला ११/३१ असे हिस्से लिहावेत. हिस्से झाले म्हणून सापळा टळतो असा मात्र समज नको, कारण प्रत्येक ओळीत त्यांची बेरीज पुन्हा १ च येते आणि एक महिना गाळावाच लागतो.

काही अभ्यासक भागाकार न करता बिलातील एकूण युनिट डावीकडे ठेवतात आणि हिश्श्यांऐवजी २० व ११ असे दिवसच लिहितात. अशा समीकरणात स्थिरपद न घेता बाराही महिने ठेवले तर प्रत्येक सहगुणक त्या महिन्यातला रोजचा वापर सांगतो, आणि ही मांडणी पूर्णपणे निर्दोष आहे. पण सवयीने स्थिरपद ठेवले गेले, तर दिवसांची बेरीज कधी २९, कधी ३०, कधी ३३ अशी थोडी हलत असल्यामुळे एकरेषीयता पूर्ण न होता जवळजवळ पूर्ण होते. आर त्यातले काही गाळत नाही, `NA` लिहीत नाही, सूचनाही देत नाही, आणि फक्त स्थिरपद व बाराही सहगुणक यांच्या प्रमाण त्रुटी कित्येक पटींनी फुगलेल्या दिसतात.