लगोरी शिकवताना काय राहून गेलं

मने, परवा फोनवर तू म्हणालीस, पोरांना लगोरी शिकवायला खाली उतरले आणि दहा मिनिटांत सगळे कंटाळून जिन्यात जाऊन बसले. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. तू जे सांगितलंस त्यावरून काय झालं ते मला लगेच कळलं. तुमच्यातला थोराड मुलगा चेंडू हातात घेऊन लगोरीशेजारी उभा राहिला, आणि जो जवळ येईल त्याला हातभर अंतरावरून हाणत सुटला. मग पुढे यायला कोण धजणार? अगं, तुझ्या सांगण्यातून दोन नियम राहिले. फोडायचं आणि पुन्हा रचायचं हे आपल्या पिढीच्या सगळ्यांना आठवतं. राज्य असलेल्यांना कशानं बांधून ठेवलेलं असायचं, ते मात्र विसरायला होतं. आणि खेळ चालतो तो त्यावरच.

पहिला नियम, चेंडू हातात आला की पाय हलवायचा नाही. जिथे चेंडू मिळाला तिथूनच नेम धरायचा, नाहीतर आपल्या भिडूकडे फेकायचा. चेंडू घेऊन धावलं की तो फेका बाद. दुसरा नियम, राज्य असलेल्यांनी लगोरीला चिकटून उभं राहायचं नाही. आपल्या वाड्यात दगडांभोवती मोठ्या माणसाच्या तीन पावलांवर खापरीनं गोल आखलेला असायचा, आठवतं? त्या गोलात राज्यवाल्यांनी पाय ठेवायचा नाही. चेंडू गोलात घुसला तर तेवढ्यापुरतं आत जायचं, चेंडू उचलायचा, बाहेर यायचं आणि मगच मारायचा. चेंडू घेऊन तेवढंच चाललेलं चालतं. आणि रचलेल्या दगडांना हातपाय लावायचा नाही. एवढं घातलंस की तोच थोराड मुलगा एकटा काही करू शकत नाही, त्याला इतरांकडे चेंडू द्यावाच लागतो. मग बघ, खेळ कसा पळायला लागतो.

आता दगडांचं सांगते, कारण तू बाथरूमच्या गुळगुळीत टाइल्सचे तुकडे घेतले होतेस. ते एकमेकांवर घसरतात. मुलं चार चढवतात आणि पाचवा ठेवताना सगळी लगोरी ढासळते, त्यात मुलांचा दोष नाही. शहाबादी फरशीचे तुकडे घे. फरशीच्या दुकानामागे पडलेले असतात, मागितले तर कुणी नाही म्हणत नाही. सगळ्यात खालचा तुकडा बोटं पसरलेल्या पंजाएवढा, मग उतरत उतरत सर्वांत वरचा बिस्किटाएवढा. दोन्ही बाजूंनी सपाट हवेत. सातही रचल्यावर जेमतेम वीतभर उंची भरते. कौलाचे तुकडेही चालतात, पण चार दिवसांत झिजतात आणि त्यांच्या कडा लागतात. कुठलेही घेतलेस तरी कडा आधी खरबरीत दगडावर घासून घे. रचून झाली की बाजूला जोरात पाय आपटून बघ. तेवढ्यानं हलली तर कुठला तरी तुकडा वाकडा आहे, तो बदल. अगदी लहान मुलं असतील तर सुरुवातीला पाचच ठेव.

चेंडू रबरी किंवा टेनिसचा, तोही थोडा वापरून नरम पडलेला. पावसात भिजलेला टेनिसचा चेंडू जड होतो आणि पाठीत चांगलाच बसतो, तो वाळू दे. क्रिकेटच्या कडक चेंडूनं लगोरी खेळू देऊ नकोस, कितीही हट्ट केला तरी. मारायचं ते खांद्याच्या खाली. लहान मुलांत मी कमरेच्या खालीच ठेवलंय. डोक्याला मारलं तर समोरचा बाद होत नाही, उलट मारणारा तेवढ्या डावापुरता बाहेर बसतो. हा एक नियम मी कडक ठेवते, तूही ठेव.

मग गट पाड. दोन दोन मुलं बाजूला जाऊन गुपचूप नावं ठरवून येतात, ‘चंद्र हवा की सूर्य’, आणि गटाचा म्होरक्या एक निवडतो, तसंच. त्यानं सगळे दांडगे एकीकडे जात नाहीत. आधी फोडणार कोण ते ठरवायला ओली-सुकी कर, चपट्या दगडाला एका बाजूनं पाणी लावून उडव. मुलांना ते फार आवडतं. दोन्हीकडे चार चार असले की छान, तीन तीनही पुरतात.

फोडणारे रेघेमागे उभे राहतात. सात-आठ वर्षांच्या मुलांना सहा पावलांवर रेघ पुरे, मोठ्यांना दहा-बारा. एकेकाला तीन फेके. फेका चुकला आणि लगोरीपलीकडे एक टप्पा पडून राज्यवाल्यानं झेलला, तर तो फेकणारा बाद. सगळ्यांचे फेके संपले आणि लगोरी फुटलीच नाही, तर राज्य बदलतं. फुटली की मात्र फोडणारे सगळे एकदम आत, आणि ज्याला चेंडू लागला तो बाहेर. सातही रचून ‘लगोरी!’ म्हणून ओरडलं की एक लगोर चढली, फोडायला पुन्हा तेच. बाद झालेलेही तेव्हा परत येतात. त्याआधी सगळे बाद झाले तर राज्य त्यांच्यावर.

गेल्या रविवारी आमच्याकडे झालेला एक डाव सांगते, म्हणजे तुला चित्र दिसेल. चार विरुद्ध चार. माझी धाकटी फोडणाऱ्यांत. पहिल्या मुलानं ताकद लावून मारला, चेंडू लगोरीच्या शेजारून गेला, एक टप्पा पडला आणि झेलला गेला. तो बाद. दुसरी मुलगी शांत होती. तिनं वरच्या दगडांवर नेम धरला. चेंडू वरच्या तीन दगडांना चाटून गेला, तिन्ही तिथल्या तिथे पडले, आणि चेंडू मात्र तसाच पुढे पार्किंगमधल्या गाड्यांपर्यंत गेला. मने, लगोरी फोडण्यातली खरी खुबी ही. मुलांना वाटतं सातही दगड उधळले की जिंकलं. उधळलेले सात दगड शोधून आणून रचायचे तर किती वेळ जातो! आणि खालच्या मोठ्या दगडावर आपटलेला चेंडू तिथेच थांबतो, लगेच राज्यवाल्यांच्या हाती पडतो. वरून चाटून गेला की दगड थोडे पडतात आणि चेंडू लांब जातो.

त्या वेळी राज्यवाले चौघेही पुढे दाटीनं उभे होते, मागे कुणीच नव्हतं. एक जण धावत गाड्यांकडे गेला, तोवर दोन दगड चढले होते. चेंडू मिळाला तिथेच तो थांबला आणि त्यानं गोलाजवळच्या आपल्या भिडूकडे फेकला. हे त्याला त्याच दिवशी शिकवलं होतं, मला बघून फार बरं वाटलं. भिडूनं झेलला आणि मारला, तो माझ्या धाकटीच्या पोटरीला लागला. तिच्या हातात शेवटचा बिस्किटाएवढा दगड होता. बाद झालं की हातातला दगड आहे तिथेच टाकायचा, फेकायचा नाही. तिनं तो पायाशी टाकला आणि डोळे भरून बाहेर गेली. पण चेंडू तिच्या पायावरून उडून पलीकडच्या कठड्याकडे गेला होता आणि तिथेही राज्यवाला नव्हता. तेवढ्यात फोडणाऱ्यांतला सगळ्यात धाकटा वाकला, तो दगड उचलला, दोन्ही हातांनी हळूच वर ठेवला आणि असा ओरडला, की वरच्या मजल्यावरची माणसं गॅलरीत आली.

पुढच्या फेरीला मी राज्यवाल्यांना फक्त जागा दाखवल्या. एक रेघेच्या बरोब्बर समोर, लगोरीमागे दहा पावलांवर. दोघं दोन बाजूंना, एकमेकांसमोर, म्हणजे एकाचा चुकलेला चेंडू दुसऱ्याच्या हाती पडतो. आणि एक रेघेच्या बाजूला. त्यानंतर लगोर चढवणं एकदम अवघड झालं. मग फोडणाऱ्यांनाही सुचलं, की एकानं मुद्दाम लांब पळून मार आपल्याकडे ओढायचा आणि दुसऱ्यानं रचायचं. ते मी शिकवलं नव्हतं.

भांडणं होणार, ती मिटवायला जाऊ नकोस, पण तीन गोष्टी डाव सुरू व्हायच्या आधी मोठ्यानं सगळ्यांकडून वदवून घे. कपड्याला लागला तर बाद की नाही? टप्पा पडून लागला तर? आणि हातातल्या दगडानं चेंडू अडवला तर? आमच्याकडे कपड्याला लागला तरी बाद, टप्पा पडून लागला तर नाही, आणि दगडानं चेंडू अडवायचा नाही, कारण दगड असलेला हात चेंडूवर फिरला की शेजारच्याला लागतो. पहिल्या दोन्हींचं तुमच्याकडे वेगळं ठरलं तरी काही बिघडत नाही. समोरच्या राजस्थानी वहिनी याच खेळाला सतोलिया म्हणतात. त्यांच्या आणि माझ्या नियमांत थोडा फरक निघाला, तेव्हा आम्ही दोघींनी मुलांसमोरच एकेक नियम ठरवला. पण एकदा ठरलं की त्या दिवसापुरतं बदलायचं नाही.

तुझ्या शेजारणीचा चार वर्षांचा मुलगाही येतो म्हणालीस ना, त्याला लिंबू-टिंबू कर. तो आत धावेल, दगड ठेवेल, त्याला चेंडू लागला तरी बाद नाही. मात्र त्यालाच मुद्दाम पाठवून सगळे दगड रचून घ्यायचे नाहीत. एका डावात त्यानं एकच दगड ठेवायचा. आणि सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर खेळत असाल तर चेंडू गाड्यांखाली गेला की ‘टाइम प्लीज’ म्हणायचं आणि सगळ्यांनी आहे तिथे थांबायचं. नाहीतर मुलं चेंडूमागे न बघता धावतात. आमच्याकडे हे दुसऱ्याच दिवशी ठरवावं लागलं, एक मुलगी मागून येणाऱ्या स्कूटरच्या अगदी जवळ गेली होती.

अंधार पडला की खेळ थांबव, चेंडू दिसेनासा झाला की तोंडावर बसतो. त्या वेळी ज्यांच्यावर राज्य असेल ते कुरकुरतील, की आमची फोडायची पाळी राहिली. तेव्हा सगळ्यांसमोर सांग, की उद्या पहिली फोडायची पाळी त्यांची. आणि सातवा बिस्किटाएवढा दगड त्यांच्यातल्याच एकाकडे सांभाळायला दे.