मामंजींचं मृत्युपत्र आणि तुमचा वाटा

सुमे, दिरांनी मृत्युपत्र पुढे केलं आणि ‘वाडा नि जमीन बाबांनी मला लिहून दिलीय’ असं म्हणाले, म्हणून लगेच खचून जाऊ नकोस. आधी माझं नीट ऐक. एकत्र कुटुंबातला आपला हिस्सा मृत्युपत्राने द्यायचा हक्क मामंजींना होता का? होता. मग सगळं दिरांचं झालं का? अजिबात नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की भावाभावांत कोर्टकचेरी सुरू होते, आणि वकिलीत मी ती इतक्या घरांत पाहिलीय की तुमच्या घरात ती होऊ नये असं मनापासून वाटतं.

पूर्वी हा हक्क नव्हताच. मिताक्षरेप्रमाणे एकत्र कुटुंबातला माणूस गेला की त्याचा वाटा त्याच क्षणी मागे राहिलेल्या सहदायादांकडे जायचा. मृत्युपत्राचा अंमलही मृत्यूनंतरच, त्यामुळे ते हातात येईपर्यंत द्यायला काही उरलेलंच नसायचं. १८८० साली प्रिव्ही कौन्सिलने मुंबई इलाख्यातल्याच एका खटल्यात हे पक्कं केलं. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने ते बदललं. कलम ३० सांगतं की सहदायादाला आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. वाटणी झालेली असायची गरज नाही आणि भावाची संमतीही लागत नाही.

पण शब्द बघ, ‘आपला हिस्सा’. मृत्युपत्र तेवढ्यालाच लागतं.

आता तो हिस्सा किती, ते काढू. त्याआधी मिळकत खरोखर एकत्र कुटुंबाची आहे की नाही ते बघावं लागतं, कारण नुसतं ‘वडिलोपार्जित’ म्हणून भागत नाही. तू पाठवलेला जुना फेरफार मी वाचला. १९५२ ची नोंद आहे. आजेसासरे मयत, वारस म्हणून एकुलत्या मुलाचं नाव, पुढे ‘अज्ञान’ आणि पालक म्हणून चुलत्यांचं नाव. आजेसासूबाई त्याआधीच गेल्या होत्या, हे तूच सांगितलंस. ही तारीख तुमच्या बाजूची आहे. कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला आणि मामंजींना मिळकत त्याआधी वडिलांकडून आली, म्हणून त्यांच्या मुलांचा तिच्यात जन्मापासून हक्क निर्माण झाला. हेच आजेसासऱ्यांनी स्वतः कमावलेलं असतं आणि ते १९५६ नंतर मृत्युपत्र न करता गेले असते, तर मामंजींच्या हाती ती त्यांची स्वतंत्र मिळकत ठरली असती. १९८६ च्या चंदर सेन निकालात सुप्रीम कोर्टाने तसंच म्हटलंय. मग सगळी मिळकत त्यांना हव्या त्या माणसाला देता आली असती. म्हणून सांगते, भांडायच्या आधी फेरफार वाचावा.

सातबाऱ्यावर एकट्या मामंजींचं नाव आहे, याचा धसका घेऊ नकोस. एकत्र कुटुंबात कर्त्याचंच नाव लागतं. काही उताऱ्यांवर नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असंही लिहिलेलं असतं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याने बाकीच्यांचा हक्क जात नाही.

हिस्सा काढताना कायदा असं धरतो की मामंजी जाण्याच्या आदल्या क्षणी वाटणी झाली. त्या वाटणीत मामंजी, सासूबाई, दोघं भाऊ आणि तुझी नणंद अशा पाच जणांना सारखा वाटा मिळतो. सासूबाई सहदायाद नाहीत, पण नवरा आणि मुलगे यांच्यात वाटणी होते तेव्हा आपल्याकडे आईला मुलाइतका वाटा मिळतो. गुरुपाद मगदूम प्रकरणात १९७८ ला सुप्रीम कोर्टाने हाच हिशेब मांडला. नणंदेचं लग्न कधी झालं हे बघायचं नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्माने सहदायाद आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असंही नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० साली विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलंय.

म्हणजे मामंजींचा वाटा पाचवा. मृत्युपत्राने तेवढाच दिरांकडे गेला. त्यांचा स्वतःचा पाचवा धरून त्यांचे दोन पंचमांश झाले. सासूबाई, नणंद आणि आपले अनिलराव यांचा प्रत्येकी एक पंचमांश आहे तिथेच आहे. मृत्युपत्र नसतं, तर मामंजींचा पाचवा वाटा चौघांत सारखा जाऊन प्रत्येकाला चौथा हिस्सा मिळाला असता. म्हणजे तुमचं नुकसान झालंय ते पाचवा आणि चौथा यांतल्या फरकाएवढं. मामंजींनी तसं ठरवलं, तो त्यांचा हक्क होता. तेवढ्यापुरतं मन मोठं करावं लागेल.

मृत्युपत्रात ‘पूर्वेच्या दोन खोल्या आणि विहिरीजवळचं रान’ असं लिहिलंय, त्यानेही बिचकू नकोस. वाटणीच झालेली नाही, तर अमुक खोली माझी असं एकट्याला म्हणता येत नाही. कोणाला काय द्यायचं ते सरस-निरस बघून वाटणीत ठरेल.

आता अनिलरावांचं. ते म्हणाले, ‘मी माझा पाचवा वाटा सुमनला लिहून ठेवतो.’ विचार चांगला, पण त्यांचा पाचवा वाटा त्यांच्या एकट्याचा नाही. तुमचा ओंकार जन्मला तेव्हापासून त्यात त्याचाही हक्क आहे. धरलेल्या वाटणीत अनिलराव, तू आणि ओंकार यांना त्या पाचव्याचा तिसरा-तिसरा भाग मिळेल, म्हणजे एकूण मिळकतीचा पंधरावा. मृत्युपत्राने त्यांना तेवढाच देता येईल. तुझा पंधरावा मिळून तुझे दोन होतील, ओंकारचा एक त्याच्याकडे राहील. आणखी एक मूल झालं तर हे आकडे पुन्हा बदलतील, कारण हिस्सा मोजायचा तो मृत्यूच्या वेळचा.

म्हणून मृत्युपत्रात आकडा घालू देऊ नकोस. एवढंच लिहावं: ‘एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत माझ्या मृत्यूसमयी माझा जो काही अविभक्त हिस्सा निघेल, तो माझ्या पत्नीस मिळावा.’ दोन साक्षीदारांनी त्यांना सही करताना पाहिलेलं असावं आणि त्यांच्यासमोर स्वतः सही करावी. साक्षीदार सज्ञान पण अनिलरावांपेक्षा वयाने लहान, आणि ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळत नाही असे घ्या. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून ठेवा.

आणि कोणी ‘त्यापेक्षा आत्ताच बक्षीसपत्र करून टाका’ म्हणालं, तर ऐकू नका. अविभक्त हिस्सा बाकीच्या सहदायादांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही. सुप्रीम कोर्टाने १९८७ साली ते रद्दबातल ठरवलंय. मृत्युपत्राने जे चालतं ते बक्षीसपत्राने चालत नाही, हे पक्कं लक्षात ठेव.

या आठवड्यात एक काम मात्र कर. दीर फेरफाराला अर्ज देतील आणि सासूबाईंपुढे ‘नुसती सही आहे’ म्हणून हक्कसोडपत्र ठेवतील. वाचल्याशिवाय त्यांनी सही करू नये. नणंदेलाही हे सांग, कारण पाचवा वाटा तिचाही आहे. तलाठ्याची नोटीस आली की मुदतीत लेखी हरकत द्या. हरकतीत ‘मृत्युपत्र खोटं आहे’ असं लिहू नका. ‘मृत्युपत्र मयताच्या एक पंचमांश हिश्श्यापुरतंच लागू आहे’ एवढंच लिहा. खरं तेच लिहिलं की दिरांशी बोलायची वाटही बंद होत नाही.