क्लोन अ‍ॅपनं फोटो आले, मग चॅट कुठं राहिले?

शिक्षक मित्रहो, पालकहो, नवा अँड्रॉइड फोन घेतला की आपण कंपनीचं क्लोन अ‍ॅप लावतो. अमरावतीच्या एका बाईंनी तेच केलं. गॅलरीत वर्गाच्या ग्रुपवरचे सगळे फोटो आले. पण व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तर नंबर विचारू लागलं.

कारण साधं आहे. फोटो `Android/media` या फोल्डरमध्ये सुट्या फायली म्हणून असतात, ते सहज कॉपी होतात. संदेश मात्र अ‍ॅपच्या खासगी जागेत असतात. तिथं क्लोन अ‍ॅपला बरेचदा शिरता येत नाही. म्हणून फोटो दिसले म्हणजे चॅटही आले, असं समजू नका.

चॅटसाठी व्हॉट्सअ‍ॅपचीच सोय वापरा. नंबर तोच हवा. दोन्ही फोनचं वाय-फाय आणि लोकेशन चालू ठेवा. जुन्या फोनवर `Settings > Chats > Transfer chats > Start` दाबा. मग नव्यावर नंबर टाका, जुन्या फोनवरून चॅट आणण्याचा पर्याय निवडा आणि तिथं दिसणारा क्यूआर कोड जुन्या फोननं स्कॅन करा.

शेवटी ग्रुपवरचा एखादा जुना संदेश नव्या फोनवर शोधून बघा. तो सापडेपर्यंत जुना फोन रीसेट करू नका, अन् अकोल्याच्या भाच्याला देऊही नका.