निवृत्तांच्या अंदाजपत्रकात औषधपाण्याचा स्वतंत्र रकाना हवा

निवृत्तीनंतर बहुतेक घरांत वाणसामान, दूध, वीजबिल असा महिन्याचा हिशेब वहीत मांडला जातो. औषधांचा खर्च मात्र 'किरकोळ' या सदरात जातो. माझ्या मते ही पद्धत पैशांच्या दृष्टीने चुकीची आहेच, पण प्रकृतीलाही घातक आहे. कसे, ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले ६२ वर्षांचे गृहस्थ व त्यांची पत्नी यांचा महिन्याचा खर्च २०,००० रुपये आहे. त्यांना रक्तदाब व पत्नीला मधुमेह. दोघांच्या गोळ्यांना २,२०० रुपये लागतात. रक्त-लघवीच्या तपासण्या, ईसीजी आणि डॉक्टरांची फी यांचे वर्षाला ६,००० म्हणजे महिन्याला ५००. चष्मा व दात यांचे सरासरी ३००. एकूण ३,००० रुपये, म्हणजे खर्चाच्या १५ टक्के.

आता इतर वस्तू वर्षाला ५ टक्के व वैद्यकीय खर्च १० टक्के वाढतो असे धरू. दहा वर्षांनी उरलेल्या १७,००० चे सुमारे २७,७०० होतील, तर ३,००० चे जवळजवळ ७,८००. म्हणजे पंधरा टक्क्यांचा वाटा बावीसवर गेला. आणि हा हिशेब दोघांच्या गोळ्या आज आहेत तेवढ्याच राहतील असे धरून केलेला आहे! प्रत्यक्षात मधुमेहाला काही वर्षांनी एका गोळीची दुसरी जोड लागते, गुडघे कुरकुरतात, मोतीबिंदू येतो. भाव वाढतो आणि नगही वाढतात.

दहा टक्के हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. सरकारच्या २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार, यादीत नसलेल्या औषधांची किंमत उत्पादक वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकतो. यादीतील औषधांची वाढ घाऊक किमतींच्या निर्देशांकाशी बांधलेली असते. डॉक्टरांच्या फीला अशी वेसण नाही. (हे मी स्वतः डॉक्टर असून लिहितो आहे.) उलट वर्तमानपत्रात छापून येणारा महागाईचा आकडा तुमच्या घराचा नसतो. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून काढलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात आरोग्याचा वाटा सुमारे ६ टक्के होता. वरील दांपत्याचा आजच १५ आहे. निवृत्तिवेतनावर महागाईभत्ता मिळणाऱ्यांचीही यातून पूर्ण सुटका नाही. ज्यांचे सारे काही ठेवीच्या व्याजावर चालते, त्यांचे तर बोलायलाच नको.

रकाना वेगळा नसला की काय होते, ते आम्हांला दवाखान्यात दिसते. लग्नसराईचा किंवा दिवाळीचा महिना आला की किराणा कमी होत नाही, गोळी कमी होते. रक्तदाबाची गोळी न खाल्ल्याने त्या दिवशी काहीच दुखत नाही ना! तीस गोळ्यांचे पाकीट पंचेचाळीस दिवस पुरते, साखरेची तपासणी 'पुढच्या महिन्यात' जाते. घरच्यांनी ओळखण्याची साधी खूण म्हणजे औषध आणल्याची तारीख पाकिटावर लिहावी आणि मधूनमधून उरलेल्या गोळ्या मोजाव्यात. अशा टंगळमंगळीची किंमत पुढे अर्धांगवायूच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकाराच्या रूपाने द्यावी लागू शकते, आणि ती हजारांत नसते.

म्हणून बँकेत एक वेगळे बचत खाते काढावे. निवृत्तिवेतन किंवा व्याज जमा होताच ठरलेले ३,००० त्यात वळते करावेत. एखाद्या महिन्यात कमी खर्च झाला तर शिल्लक घरखर्चात परत आणू नये; मोतीबिंदू व दातांचे खर्च त्यातूनच निघतात. दर एप्रिलमध्ये मागील बारा महिन्यांच्या पावत्यांची बेरीज करून रक्कम वाढवावी. आरोग्य विम्याचा हप्ता असेल तर तोही याच रकान्यात, कारण तो वयाबरोबर वाढतो. अचानक लागणाऱ्या इस्पितळासाठी मुदतठेव ठेवावी, पण एक मोठी न ठेवता तीन-चार लहान ठेवाव्यात. म्हणजे गरजेपुरतीच मोडता येते.

'आता सरकारी कार्ड आहे, मग कशाला?' असे काहीजण विचारतात. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्यांना आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले, ही मोठीच सोय आहे. पण ते संरक्षण इस्पितळात दाखल होण्याचे आहे. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस व घरी आल्यावरचे पंधरा दिवस एवढाच बाहेरचा खर्च त्यात बसतो. सोळाव्या दिवसापासूनची गोळी तुमच्या खिशातून. आणि आपले गृहस्थ तर अजून बासष्टचे आहेत.

रकाना फुगू लागला तर गोळी तोडण्याआधी आपल्या डॉक्टरांना चिठ्ठी दाखवून 'यातले काही आता बंद करता येईल का, आणि हेच औषध जनऔषधी केंद्रात मिळेल का?' असे स्पष्ट विचारावे. विचारण्यात संकोच नसावा. पुष्कळदा चिठ्ठीवर जुनी, गरज संपलेली एखादी गोळी निघतेच.