शेजाऱ्याचं झाड गाडीवर पडलं, तर भरून कुणी द्यायचं?



रोहिणी नक्षत्राच्या आगेमागे वळवाचा पाऊस येतो, तेव्हा पत्रे उडतात, विजेचे खांब वाकतात आणि कुणाचं तरी झाड कुणाच्या तरी दारात आडवं होतं. पूर्वी त्याखाली फार तर बैलगाडीचं जू मोडायचं. आता मोटारी आल्या. मग गट ऑफिसात एकच प्रश्न येतो: "झाड त्याचं, गाडी माझी. पैसे त्यानंच द्यायचे ना?"

याला थेट 'हो' म्हणता येत नाही. झाड ज्याचं त्यानं भरावं असा कायदा नाही. झाडाच्या मालकाचा हलगर्जीपणा होता, हे ज्याचं नुकसान झालं त्यानं सिद्ध करावं लागतं. कसं, ते एका उदाहरणावरून पाहू. नावं आणि आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

आण्णा आणि बापू बांधाला बांध लावून राहणारे. बापूंच्या परड्यात हद्दीलगत जुना गुलमोहर. आण्णांची सहा वर्षं वापरलेली लहान मोटार हद्दीच्या अलीकडे, स्वतःच्या अंगणात उभी असते. मे अखेरीस संध्याकाळी पश्चिमेकडून वारं सुटलं आणि गुलमोहर मुळासकट उपटून मोटारीच्या टपावर आला. माणूस कुणी सापडला नाही, हे नशीब. गॅरेजवाल्यानं दुरुस्तीचा अंदाज दिला ८४,००० रुपये.

आण्णांनी पहिल्यांदा बापूंच्या दाराशी न जाता विम्याचा कागद काढावा. आपल्याकडे पुष्कळ जण फक्त थर्ड पार्टी विमा उतरवतात, कारण तो सक्तीचा आहे. आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर तो उपयोगी. आपल्या गाडीवर झाड पडलं तर त्यातून एक पैसाही मिळत नाही. 'पॅकेज' किंवा सर्वंकष विमा असेल तर मात्र वादळ, गारपीट, पूर यांनी झालेलं नुकसान त्यात येतं. तिथे दोष कुणाचा हा प्रश्नच नाही. म्हणून शेजाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा ही वाट जवळची.

पण विमा पुरा खर्च देत नाही. सहा वर्षांच्या गाडीच्या लोखंडी भागांवर ४० टक्के घट धरतात, प्लॅस्टिक-रबरावर ५० टक्के, काचेवर काही नाही. रंगकामाच्या खर्चाचा चौथा हिस्सा हा रंगाचा माल समजून त्यावर ५० टक्के घट. आण्णांचा हिशेब असा बसतो: पत्राकामाचे भाग ३०,००० चे, मिळाले १८,०००. काच ८,०००, पूर्ण मिळाली. प्लॅस्टिकचे भाग १०,००० चे, मिळाले ५,०००. मजुरी २०,०००, पूर्ण. रंगकाम १६,०००, मिळाले १४,०००. बेरीज ६५,०००. दीड हजार सीसीपर्यंतच्या मोटारीला प्रत्येक दाव्यात मालकानं सोसायचे १,००० वजा. हाती ६४,०००. म्हणजे २०,००० आण्णांच्या पदरचे गेले. वर, पूर्वी दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट पुढच्या वर्षी जाते. घट न धरणारी जादा पॉलिसी घेतली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं, पण जुन्या गाडीला ती सहसा कुणी घेत नाही.

आता प्रश्न उरला तो या २०,००० चा. आणि ज्याच्याकडे पॅकेज विमा नाही, त्याच्या बाबतीत सगळ्या ८४,००० चा. इथे बापू येतात.

सर्वोच्च न्यायालयानं १९९७ साली राजकोट महानगरपालिकेच्या प्रकरणात निकाल दिला, तो या विषयात पायाचा दगड आहे. १९७५ साली रस्त्याकडेचं झाड अचानक पडून पायी जाणारा एक माणूस दगावला होता. खालच्या कोर्टानं आणि उच्च न्यायालयानं नगरपालिकेला जबाबदार धरलं. सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. झाड पडलं एवढ्यावरून हलगर्जीपणा आपोआप सिद्ध होत नाही. झाड किडलेलं, पडाऊ आहे हे मालकाला माहीत होतं, किंवा साध्या नजरेला दिसत होतं आणि तरी त्यानं काही केलं नाही, हे दाखवावं लागतं. मला स्वतःला हा निकाल घरच्यांच्या बाजूनं पाहिला तर कठोर वाटतो. तिथे शहरभरची झाडं सांभाळणारी संस्था होती आणि बापूंकडे परड्यातलं एकच झाड आहे, हा फरकही आपल्या वकिलानं मांडावा. तरी पुराव्याचं ओझं मागणाऱ्यावर, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

मग आण्णांनी काय दाखवायचं? धोका आधी कळण्यासारखा होता, बापूंना तो कळला होता किंवा कळायला हवा होता, उपाय त्यांच्या हातात होता आणि झाड त्याच दोषामुळं पडलं. शेवटचं फार महत्त्वाचं. खोडाला ढोली होती, पण झाड मुळातून उपटलं, तर ढोलीचा पुरावा कामाचा नाही.

आपल्या उदाहरणात बापूंनी आदल्या वर्षी पाण्याच्या टाकीच्या पायासाठी गुलमोहराच्या पश्चिमेला, बुंध्यापासून हातभर अंतरावर चर खणली होती. गुलमोहराची मुळं वरच्या थरात लांब पसरतात. वारं ज्या बाजूनं येतं त्या बाजूची मुळं झाडाला दोरखंडासारखी ताणून धरतात. तीच तोडली तर पश्चिमेच्या वाऱ्यात झाड पूर्वेला, म्हणजे आण्णांच्या अंगणात जाणार हे उघड. शिवाय त्यानंतर झाड एका अंगाला कललं होतं आणि बुंध्याजवळची माती फुगून भेगाळली होती. बुंध्यावर अळंबी उगवणं, शेंड्याच्या फांद्या वाळत येणं, ही लक्षणंही कोर्ट 'दिसण्यासारखी' समजू शकतं. आतून पोखरलेलं, पण वरून हिरवंगार झाड मात्र मालकाला सोडवून जातं.

बापू म्हणतील, "वादळ देवाचं, त्यात माझा काय दोष?" ही 'ईश्वरी कोपा'ची सबब कायद्यात आहे, पण साध्या वळवाला ती लागू पडत नाही. १९५८ साली मध्य प्रदेश उच्च न्यायालयापुढे पावसात भिंत पडून मुलं दगावल्याचं प्रकरण आलं होतं. पाऊस झाला होता २.६६ इंच. न्यायालय म्हणालं, पावसाळ्यात एवढा पाऊस होणारच, मालकानं तो धरूनच भिंत ठेवायला हवी होती. तोच न्याय वाऱ्याला. गावातली धडधाकट झाडंही शेकड्यांनी उन्मळली असतील तर बापूंची बाजू भक्कम. त्या संध्याकाळी गावात एकच झाड पडलं असेल, तर ते एकच का पडलं याचं उत्तर बापूंना द्यावं लागेल. वाऱ्याचा वेग किती होता हे तोंडी सांगून भागत नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राची त्या दिवशीची नोंद मागून घ्यावी.

पुरावा गोळा करायला फार थोडे तास मिळतात. आपली माणसं पहिल्यांदा काय करतात, तर कुऱ्हाड आणून झाड तोडतात, लाकूड सरपणाला किंवा गुऱ्हाळाला जातं आणि खटलाही त्यासोबत जळतो. रस्ता मोकळा करणं निराळं, पण बुंधा आणि मुळं तशीच ठेवावीत. मुळांची टोकं जवळून पाहा. त्या दिवशी तुटलेलं मूळ पांढरं, चिरफाळलेलं दिसतं. वर्षापूर्वी कुदळीनं तोडलेलं टोक काळपट, सपाट आणि कुजत आलेलं असतं. दोन्हींचे फोटो शेजारी मोजपट्टी धरून काढावेत, चर आणि झाड एका फोटोत यावीत. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा आणि त्यात मुळांची स्थिती लिहायला लावावी. नुसतं 'वादळाने झाड पडले' असा पंचनामा बापूंच्याच उपयोगाचा. त्या पंचनाम्यावर सरकारकडून मोटारीची भरपाई मिळते असा समज असेल तर तो काढून टाकावा. सरकारी मदत घर, पीक, जनावर यांना आहे. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावं आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गाडी दुरुस्तीला घालू नये.

सगळ्यांत वजनदार पुरावा मात्र आधीच तयार झालेला असतो. आण्णांनी बापूंना मागच्या दिवाळीत, "झाड कललं आहे, काढा किंवा छाटा" असं पत्र देऊन पोच घेतली असेल, तर 'मला माहीत नव्हतं' ही वाट बंद. शेजारधर्मात आपण पत्र देत नाही, पारावर बोलतो, आणि पारावरचं बोलणं कोर्टात कुणी आठवत नाही. पण या पत्राला दुसरीही धार आहे. धोका माहीत असूनही आण्णांनी मोटार त्याच झाडाखाली लावत राहावी आणि अंगणात दुसरीकडे जागा असावी, तर कोर्ट त्यांचाही थोडा दोष धरून रक्कम कमी करू शकतं. पत्र दिलं त्या दिवसापासून गाडीही हलवावी.

बापूंची सबब कधी अशी असते की झाड तोडायला परवानगी लागते. काही जातींना ती लागते, नगरपालिका हद्दीत तर हमखास. पण परवानगीचा अर्ज तरी केला होता का, हे कोर्ट विचारणार. अर्ज करून कार्यालयातून उत्तर आलं नसेल, तर अर्जाची पोच बापूंना पुष्कळ वाचवील.

आता एक फसण्याची जागा. गावकीत बसून मिटतं. बापू म्हणाले, "हे घ्या १५,०००", आणि आण्णांनी लिहून दिलं, "आता काही देणंघेणं राहिलं नाही." हे विम्याचा दावा चालू असताना केलं तर अडचण. विमा कंपनी पैसे दिल्यावर आण्णांच्या जागी उभी राहून बापूंकडून ते ६४,००० मागू शकते. आण्णांनी तो हक्कच सोडून दिला, तर कंपनी दावा नाकारू शकते. मिटवायचं तर कंपनीला आधी लेखी कळवून, आणि कागदावर 'विम्यातून न मिळालेल्या फक्त २०,००० रुपयांपुरते' असं स्पष्ट लिहून. एकाच नुकसानीचे पैसे दोन्हीकडून पुरे घेता येत नाहीत, हेही ध्यानात असावं.

मिटलं नाही, तर वकिलामार्फत नोटीस आणि मग दिवाणी कोर्ट. मुदत नुकसान झालं त्या दिवसापासून ३ वर्षं. वीस हजारांसाठी दावा लावायचा का, हा ज्याचा त्याचा हिशेब. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज केला तर दाव्याआधीच लोकअदालतीत प्रकरण ठेवता येतं. तिथे कोर्ट फी नाही, आणि तडजोड झाली तर ती हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक.

ता. क.: वाचणाऱ्यांपैकी निम्मे जण आण्णा नसून बापू असतील. मळ्यातल्या विहिरीवर, रस्त्याकडेला, शेजारच्या गोठ्यावर झुकलेली आपली झाडं मृगाआधी एकदा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पाहून घ्यावीत, आणि छाटणी केली तर तारखेसह मजुरीची पावती ठेवावी.