काकूंचा व्हिडिओ की स्टुडिओची जाहिरात?

प्रश्न: मी घरगुती गोडा मसाला इन्स्टाग्रामवर विकते. स्टुडिओत केलेली जाहिरात आणि एका ग्राहक काकूंनी मोबाइलवर केलेला व्हिडिओ, दोन्ही तयार आहेत. पैसे कशावर लावू?

उत्तर: ताई, आधी दोन्ही चालवून पाहा, पण एकाच अ‍ॅड सेटमध्ये टाकू नका. तिथे मेटाची यंत्रणा सुरुवातीच्या थोड्याशा प्रतिसादावरून एकीकडेच पैसे वळवते आणि दुसरीला संधीच मिळत नाही. अ‍ॅड्स मॅनेजरमधली ए/बी टेस्ट वापरा. त्यात प्रेक्षकांचे दोन वेगळे गट पडतात. बजेट, किंमत, सवलत आणि मजकूर दोन्हीकडे तोच ठेवा. नाहीतर फरक व्हिडिओचा की सवलतीचा, हे कळणार नाही. पूर्ण दोन आठवडे चालू द्या, म्हणजे शनिवार-रविवार दोघींच्याही वाट्याला येतील.

व्ह्यूज आणि लाइक्सवरून निकाल लावू नका, ऑर्डरी मोजा. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर परत आलेली पार्सलं वजा करा. मोबाइलच्या व्हिडिओवर उत्साहाने ऑर्डर देऊन नंतर पार्सल नाकारणारे किती, ते इथेच दिसतं.

समजा, एकीला 12 आणि दुसरीला 18 ऑर्डरी आल्या. हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. ढोबळ हिशेब असा: दोन्हींच्या बेरजेचं वर्गमूळ काढून दुप्पट करा; फरक त्याहून जास्त हवा. इथे ते साधारण 11 येतं आणि फरक फक्त 6 आहे. 40 विरुद्ध 65 आल्या, तर मात्र फरक 25 आणि मर्यादा सुमारे 20, म्हणजे विश्वास ठेवा.

काकूंना मोबदला दिला असेल तर व्हिडिओत तसं स्पष्ट लिहा.