टँकरची फॅट खरी की पिव्होट टेबलची?

प्रश्न : आमच्या शीतकरण केंद्रावर तीन गावांचं दूध येतं आणि एकाच टँकरमधून पुढे डेअरीला जातं. प्रत्येक सत्राला गावाची एक ओळ, त्यात दुधाचं वजन आणि फॅट, अशी नोंद मी एक्सेलमध्ये ठेवते आणि दहा दिवसांचं बिल निघताना पिव्होट टेबल काढते. या वेळी Grand Total मध्ये सरासरी फॅट 4.22 आली. डेअरीत टँकरना लागलेली फॅट मात्र सरासरी 3.7 आहे. दर वेळी टँकरचीच कमी लागते, त्यामुळे ऑफिसात ड्रायव्हरबद्दल कुजबुज सुरू झाली आहे. त्यात पिव्होटमधल्या तीन गावांची सरासरी मी कॅल्क्युलेटरवर काढली, तर ती 4.6 आली! नेमका आकडा कोणता?

— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ड्रायव्हरवरचा संशय आधी थांबवा, कारण तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून खरी सरासरी 3.75 निघते. टँकरची फॅट तिच्या अगदी जवळ आहे. 4.22 आणि 4.6 हे दोन्ही आकडे गणित म्हणून बरोबर आहेत, पण ते दुधाची फॅट सांगत नाहीत.

तुमच्या नोंदी अशा आहेत. पहिल्या गावातून दोन्ही वेळा सुमारे 1200 किलो दूध येतं, फॅट 3.5. दुसऱ्यातून दोन्ही वेळा 600 किलो, फॅट 3.8. तिसरं गाव म्हशींचं आहे. तिथून फक्त सकाळी 200 किलो दूध येतं, पण फॅट 6.5 लागते. म्हणजे दहा दिवसांत पहिल्या दोन गावांच्या वीस-वीस ओळी आणि तिसऱ्याच्या दहा, अशा एकूण 50 ओळी झाल्या.

तुम्ही कॅल्क्युलेटरवर 3.5, 3.8 आणि 6.5 यांची बेरीज करून तिनाने भागलं, म्हणून 4.6 आले. पिव्होट टेबल तसं करत नाही. फॅटच्या रकान्याला Average लावलं की Grand Total ची ओळ वर दिसणाऱ्या तीन सरासऱ्यांकडे बघत नाही. ती मूळ शीटवरच्या 50 ओळींकडे परत जाते, त्या सगळ्यांच्या फॅटची बेरीज करते (ती 211 भरते) आणि 50 ने भागते. उत्तर 4.22. म्हणून या दोन आकड्यांचा मेळ बसत नाही, आणि बसायलाही नको.

खरी चूक याच्या एक पायरी खाली आहे. शीटवरची प्रत्येक ओळ हीच मुळी एक सरासरी आहे. पहिल्या गावाचे 3.5 म्हणजे त्या सत्राला आलेल्या 1200 किलो दुधाची फॅट, आणि तिसऱ्याचे 6.5 म्हणजे 200 किलोची. पिव्होटला हा फरक कळायला मार्ग नाही. त्याच्या लेखी ओळ ती ओळ, म्हणून 200 किलोच्या ओळीलाही 1200 किलोच्या ओळीइतकंच वजन मिळतं. टँकरमध्ये मात्र दूध किलोच्या प्रमाणात मिसळतं. म्हशीचं दूध 38,000 किलोंपैकी फक्त 2,000 किलो होतं, पण ओळींमध्ये त्याचा वाटा 50 पैकी 10 होता.

फरक दर वेळी एकाच बाजूला का पडतो, याचंही कारण इथेच आहे. तुमच्याकडे दूध कमी असलेल्या गावाची फॅट सर्वांत जास्त आहे, त्यामुळे साधी सरासरी नेहमी वरच जाणार. तिन्ही गावांतून दर सत्राला सारखंच दूध आलं असतं, तर ओळींची सरासरी आणि टँकरची फॅट जुळली असती आणि हा दोष कधी लक्षातही आला नसता.

दुरुस्तीसाठी डेअरीतला जुना हिशेब वापरायचा : किलो फॅट. शीटवर D रकान्यात दूध आणि E मध्ये फॅट असेल, तर F मध्ये ‘किलो फॅट’ नावाचा नवा रकाना करा आणि हे सूत्र सगळ्या ओळींना लावा :

```
=D2*E2/100
```

पिव्होटच्या मूळ रेंजमध्ये हा रकाना येईल असं बघा आणि Refresh करा. मग PivotTable Analyze मध्ये Fields, Items & Sets खाली Calculated Field उघडून नवं फील्ड करा. (दुधाच्या रकान्याचं नाव ‘दूध किलो’ आहे असं धरलंय.)

```
='किलो फॅट'/'दूध किलो'*100
```

Calculated Field आधी दोन्ही रकान्यांची बेरीज करतं आणि नंतर भागाकार करतं. गावाच्या ओळीतही तसंच आणि Grand Total मध्येही तसंच. पहिल्या गावाचे 840 किलो फॅट, दुसऱ्याचे 456, तिसऱ्याचे 130. एकूण 1,426 किलो, भागिले 38,000. पिव्होट 3.75 दाखवेल. रकान्याच्या डोक्यावर Sum of असं लिहून येईल, त्याने बिचकू नका, नाव बदलून टाका.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात बरेच जण पडतात. नवा रकाना कशाला, दूध गुणिले फॅट हेही Calculated Field मध्येच करू, असं वाटतं. पण तिथे आधी बेरीज होते. मग 211 गुणिले 38,000 भागिले 100, म्हणजे 80,180 किलो फॅट निघते. दुधाच्या दुपटीहून जास्त! म्हणून गुणाकार शीटवर ओळीओळीने करायचा आणि भागाकार पिव्होटमध्ये.

ताळा म्हणून शीटच्या एका रिकाम्या कोपऱ्यात हे सूत्र ठेवा. पिव्होटवर कुठलाही फिल्टर नसताना दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.

```
=SUMPRODUCT(D2:D51,E2:E51)/SUM(D2:D51)
```

नमुना सांडला किंवा मशीन बंद होतं म्हणून एखाद्या सत्राची फॅट लिहायची राहिली, तर हा हिशेबही बिघडतो. त्या ओळीचं दूध भाजकात मोजलं जातं, किलो फॅट मात्र शून्य धरली जाते, आणि सरासरी विनाकारण खाली येते. साध्या Average मध्ये रिकामी चौकट वगळली जाते, त्यामुळे तिथे हे दिसत नाही. अशा ओळींसाठी ‘तपासलेलं दूध’ असा वेगळा रकाना करा, फॅट नोंदलेली असेल तरच त्यात वजन येऊ द्या आणि भागाकार, ताळ्याच्या सूत्रातलाही, त्याने करा. रिकाम्या जागी कुणी 0 टाकत असेल तर ते लगेच बंद करा.

दूध लिटरवर मोजत असलात तरी चालेल. लिटरचे किलो करायला सगळीकडे एकच गुणक घेतला, तर तो भागाकारात कटून जातो.

आता ड्रायव्हरचं. 4.22 धरून तुम्ही 1,603.6 किलो फॅटची वाट पाहत होता. त्यातले 177.6 किलो कधी दुधात नव्हतेच. 3.75 आणि 3.7 मध्ये उरलेला फरक सुमारे 20 किलोचा आहे. दोन ठिकाणची मशीन आणि नमुना घेण्याआधी दूध नीट ढवळलं जातं का, हे आधी तपासा. त्याबरोबर प्रत्येक गावाला विचारा, की सत्राची फॅट एकत्र केलेल्या दुधाच्या नमुन्यावरून लिहिता, की शेतकऱ्यांच्या फॅटची साधी सरासरी काढून? दुसरं असेल, तर हीच चूक तिथे आधीच झालेली आहे आणि तुमचं पिव्होट ती दुरुस्त करू शकणार नाही. त्यासाठी शेतकरीनिहाय वजन आणि फॅटच्या नोंदी मागवून किलो फॅट तिथूनच काढावी लागेल.